शिक्षणकर्जाच्या फॉर्ममध्ये नसलेला रकाना

बँकेत असताना शेवटची काही वर्षं माझ्याकडे शिक्षणकर्जाचं टेबल होतं. त्या अर्जात खर्चाचा एक तक्ता असतो. ट्यूशन फी, परीक्षा फी, हॉस्टेल, मेस, पुस्तकं, लॅपटॉप, प्रवास असे रकाने असतात. मुलं कॉलेजचं फीपत्रक समोर ठेवून ते भरायची, आम्ही बेरीज तपासायचो आणि पालकांच्या सह्या घ्यायचो. त्या तक्त्यातला सगळ्यात मोठा खर्च कुठल्याच रकान्यात नव्हता, हे माझ्या नीट लक्षात आलं ते या मे महिन्यात, माझी भाची इंदूरच्या लोकमान्य नगरात आमच्या डायनिंग टेबलाशी तिचं ऑफर लेटर घेऊन बसली तेव्हा.

भाची 26 वर्षांची आहे. इंजिनिअर झाल्यापासून पीथमपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करते. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी घरी. तिला दुसऱ्या शहरातल्या एका खासगी कॉलेजात दोन वर्षांच्या एमबीएला प्रवेश मिळाला होता. फी 13 लाख. माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं सरासरी पॅकेज 15 लाख. ती म्हणाली, "मावशी, 13 लाख घालायचे आणि वर्षाला 15 लाख मिळवायचे. एका वर्षात पैसे वसूल. मग आई एवढी का घाबरते?"

ताई का घाबरत होती ते तिला नेमकं सांगता येत नव्हतं. म्हणून कालनिर्णयचं उलटून गेलेलं पान पालथं करून आम्ही दोघींनी हिशोब मांडला. तोच इथे सांगते, कारण आकडे बदलले तरी मांडणी बहुतेक प्रोफेशनल डिग्र्यांना अशीच लागू होते.

आधी खर्चाची बाजू. भाचीच्या हातात महिन्याला 42,000 येतात. त्याशिवाय पीएफमध्ये तिचे 1,800 आणि कंपनीचे 1,800 जमतात. तेही तिचेच पैसे आहेत, फक्त आज खर्चता येत नाहीत. वर्षाचे मिळून साधारण 5.5 लाख. दरवर्षी 8 टक्के वाढ धरली, तर दुसऱ्या वर्षी हेच 5.94 लाख होतात. कॉलेजात घालवलेल्या दोन वर्षांत हे दोन्ही पगार बुडतात, म्हणजे 11.44 लाख. कोणी पावती देत नाही, कोणाला चेक लिहावा लागत नाही, म्हणून हा खर्च वाटतच नाही. पण घरातून 11.44 लाख काढून देणं आणि घरात येणारे 11.44 लाख न येणं, दोन्हीचा परिणाम एकच.

हॉस्टेल आणि मेसचे दोन वर्षांचे 2.8 लाख होते. ते मी पूर्ण धरू दिले नाहीत. ती इंदुरात राहिली असती तरी जेवलीच असती, कपडे घेतलेच असते. घरी तिच्यावर जो खर्च होतो त्यातले दोन वर्षांत सुमारे 80 हजार वाचतील, म्हणून जास्तीचा खर्च 2 लाख. लॅपटॉप, ये-जा, प्लेसमेंटसाठीचे कपडे वगैरे 70 हजार. मधल्या उन्हाळ्यात इंटर्नशिपचे दोन महिने सुमारे 1 लाख मिळतील, ते वजा. एकूण 26 लाखांच्या थोडं वर. आम्ही 26 धरले.

म्हणजे 13 लाखांची डिग्री खरी 26 लाखांना पडते. ताई घाबरत होती त्याचं कारण कदाचित हेच असावं. महिन्याच्या महिन्याला घरात येणारी रक्कम थांबणार, हे तिला मनातल्या मनात दिसत होतं.

याच कारणाने "सरकारी विद्यापीठात फी कमी आहे, म्हणजे एमबीए जवळपास फुकट" हे म्हणणंही खरं नसतं. भाचीला फी पूर्ण माफ झाली असती, तरी तिला साडेअकरा लाख मोजावेच लागले असते. उलट नुकताच बीकॉम झालेला 21 वर्षांचा मुलगा, ज्याला आज महिना 15,000 च्या वर कोणी देत नाही, त्याच्यासाठी याच कॉलेजची किंमत बरीच कमी आहे. तो दोन वर्षांत फार तर पावणेचार लाख सोडतो. एकाच वर्गात शेजारी बसलेल्या दोघांनी एकच फी भरलेली असते, पण दोघांची डिग्री एका किमतीची नसते.

आता कमाईची बाजू. इथे भाचीचा पहिला गैरसमज 15 लाखांचा होता. सरासरी ही एक-दोन मोठ्या आकड्यांनी वर ओढली जाते. समजा दहा मुलं आहेत. आठ जणांना 9 लाख, एकाला 22 लाख आणि एकाला 46 लाख मिळाले. बेरीज 140, सरासरी 14 लाख. पण त्या वर्गात 14 लाखांची नोकरी एकालाही मिळालेली नाही, आणि दहातल्या आठांना 9 च मिळाले. म्हणून मध्यक बघायचा. सगळे पगार चढत्या क्रमाने लावले की मधोमध जो येतो तो मध्यक. इथे तो 9 लाख आहे.

हा आकडा शोधायला फार कष्ट पडत नाहीत. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजांना तो भरून द्यावा लागतो. त्या तक्त्यात किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेले आणि लागलेल्यांच्या पगाराचा मध्यक किती, हे वर्षवार असतं. कॉलेजच्या वेबसाइटवर एनआयआरएफ नावाच्या लिंकखाली तो मिळतो. त्यातली एक गोष्ट मात्र लक्षपूर्वक वाचावी. मध्यक फक्त नोकरी लागलेल्यांचा असतो. 120 उत्तीर्ण झाले आणि 84 लागले, तर उरलेल्या 36 जणांचा त्या आकड्यात पत्ता नसतो. माहितीपत्रकातलं "100 टक्के प्लेसमेंट" बऱ्याचदा पात्र ठरलेल्या किंवा नाव नोंदवलेल्या मुलांपैकी असतं, म्हणून आधी एकूण वर्ग किती मोठा होता ते विचारायचं.

भाचीच्या कॉलेजचा मध्यक 12.5 लाख निघाला. वाईट नाही. पण तोही सीटीसी, म्हणजे कंपनीला एका माणसामागे वर्षाला पडणारा एकूण खर्च. तिच्या ओळखीच्या एका सीनिअरचं ऑफर लेटर आम्ही ओळीओळीने वाचलं. ग्रॅच्युइटी आणि विम्याचा हप्ता मिळून 50 हजार. ग्रॅच्युइटीसाठी सहसा पाच वर्षं टिकावं लागतं, तोवर तो नुसता कागदावरचा आकडा. व्हेरिएबल 1 लाख, त्यातले पहिल्या वर्षी अर्धे मिळाले. जॉइनिंग बोनस 50 हजार, एकदाच, आणि वर्षाच्या आत नोकरी सोडली तर परत करायचा. हे 50 हजार, व्हेरिएबलमधले न मिळालेले 50 हजार आणि बोनस काढला की दरवर्षी येणारे, पीएफ धरून, 11 लाख उरतात. प्राप्तिकर या रकमेवर लागत नाही, कारण 2025-26 पासून नव्या करपद्धतीत पगारदारांना 12 लाख 75 हजारांपर्यंत कर नाही. पगार त्यापुढे गेला की मात्र तो लागतो.

आणखी एक वजाबाकी राहिली, आणि इंदूरच्या घरांत तीच सगळ्यात जास्त विसरली जाते. या 11 लाखांच्या नोकऱ्या मुंबई, पुणे, बेंगळुरूच्या. भाची आज आईवडिलांकडे राहते, घरभाडं शून्य. बाहेरगावी दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेतला, तरी भाडं, वीज, बाई आणि दर दोन महिन्यांनी घरची फेरी धरून महिन्याला इथल्यापेक्षा 15,000 जास्त लागतील. वर्षाचे 1.8 लाख. उरले 9.2 लाख. म्हणजे एमबीएनंतर इंदुरातच, घरी राहून 9 लाख हातात देणारी नोकरी मिळाली, तर ती मुंबईच्या 11 लाखांच्या जवळपास बरोबरीची ठरते.

आता हे 9.2 लाख कशाशी ताडून बघायचे? भाची म्हणाली, "आजच्या साडेपाच लाखांशी." इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो. ती दोन वर्षं कॉलेजात असेल तेव्हा तिची आजची नोकरी जागच्या जागी थांबलेली नसती. कारखान्यात राहिली असती तर तिसऱ्या वर्षी तिचा पगार 6.42 लाख असता. म्हणून पहिल्या वर्षाचा खरा फायदा 9.2 वजा 6.42, म्हणजे 2.78 लाख. डिग्रीने मिळतं ते एवढंच. बाकीचे 6.42 लाख तिला डिग्री नसतानाही मिळणारच होते.

पुढच्या वर्षांसाठी आम्ही एमबीएच्या वाटेवर 10 टक्के वाढ धरली, कारखान्याच्या वाटेवर 8 टक्के आणि बाहेरगावच्या जास्तीच्या खर्चात 6 टक्के. फरक दरवर्षी रुंदावत जातो. दुसऱ्या वर्षी 3.26 लाख, तिसऱ्या वर्षी 3.80, पाचव्या वर्षी 5.10, सातव्या वर्षी 6.75. हे फरक एकावर एक रचत गेलं की सहा वर्षांत 25 लाखांवर पोचतात आणि सातव्या वर्षाच्या सुरुवातीला 26 लाख पुरे होतात. तेव्हा भाची 34 वर्षांची असेल. एका वर्षात वसूल होणारे पैसे सहा वर्षांवर गेले.

भाची गप्प झाली. पण मी बँकेतली असल्यामुळे मला इथे थांबता येईना. आज घातलेला रुपया आणि आठ वर्षांनी परत येणारा रुपया सारखा नसतो. तिला 10 लाखांचं कर्ज 10 टक्क्यांनी घ्यायचं होतं. म्हणून गुंतलेल्या पूर्ण 26 लाखांवर आम्ही 10 टक्के दर लावला, जणू सगळीच रक्कम एका खात्यातून उसनी आणली आहे. स्वतःच्या बचतीवर आणि बुडलेल्या पगारावरही व्याज का, असं तिने विचारलं. कारण ते पैसे हातात असते तर कर्जच कमी घ्यावं लागलं असतं. फक्त एक काळजी घ्यायची. असं व्याज लावलं की कर्जाचं व्याज खर्चात वेगळं मिळवायचं नाही, नाहीतर तेच पैसे दोनदा मोजले जातात.

डिग्री हातात येईपर्यंत हे खातं 28.6 लाखांवर जातं. पहिल्या नोकरीच्या वर्षी त्यावर 2.86 लाख व्याज चढतं आणि फायद्यातून भरता येतात 2.78 लाख. म्हणजे वर्षभर काम करून खातं जिथल्या तिथे, उलट किंचित वरच. तिसऱ्या वर्षाअखेर 27.3, पाचव्या वर्षाअखेर 23, आठव्या वर्षाअखेर साडेआठ लाख. ते शून्यावर येतं दहाव्या वर्षाच्या सुरुवातीला, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. त्यापुढे मात्र दरवर्षी दहा लाखांच्या वरचा फरक तिचा, आणि नोकरीची वीसेक वर्षं शिल्लक असतात. त्यामुळे 11 लाख हातात आले तर हा सौदा उशिरा फळणारा आहे, पण बुडीत नाही.

मग आम्ही एकच आकडा बदलला. मध्यक म्हणजे अर्धा वर्ग त्याच्याखाली असतो. भाची त्या अर्ध्यात निघाली आणि बाहेरगावी 11 ऐवजी 9 लाखच हातात आले तर? पहिल्या वर्षाचा फरक 78 हजारांवर येतो. व्याज न धरता 26 लाख वसूल व्हायलाच दहा वर्षं लागतात. व्याज धरलं तर दहा वर्षांनी खात्यावर 37 लाखांच्या वर बाकी दिसते, सुरुवातीपेक्षा नऊ लाख जास्त. पगारात फरक दोन लाखांचाच, पण पहिल्या वर्षीचा एकूण फायदाच पावणेतीन लाखांचा होता, त्यातले दोन लाख गेले. म्हणून या हिशोबात फीवर घासाघीस करण्यापेक्षा पहिल्या पगाराचा अंदाज जास्तीत जास्त खरा असणं महत्त्वाचं आहे.

तो अंदाज घ्यायचा कसा, यावर आम्ही बराच वेळ घालवला. वर्गाचा मध्यक हाही सगळ्यांचा मिळून असतो. पाच वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढून आलेला मुलगा आणि तीन वर्षं कारखान्यात काढून आलेली मुलगी यांना नोकरीवर घेणाऱ्या कंपन्या वेगळ्या असतात. म्हणून मी भाचीला सांगितलं, तुझ्यासारखेच दोन-तीन वर्षं उत्पादनात काम करून गेलेले, गेल्या दोन वर्षांत बाहेर पडलेले चार-पाच जण शोध. त्यांना पॅकेज विचारू नकोस, दर महिन्याला बँकेत किती जमा होतात ते विचार. आणि कॉलेजने ज्यांची नावं दिली त्यांच्यापुरतं थांबू नकोस, कारण कॉलेज समाधानी मुलांचीच नावं देणार.

दुसऱ्या वाटेचाही अंदाज तपासावा लागतो. भाची कारखान्यातच राहील आणि 8 टक्के वाढ घेईल, हे आम्ही गृहीत धरलं होतं. पण तीन वर्षांच्या अनुभवावर तिला दुसरीकडे वर्षभरात 7 लाखांची नोकरी मिळण्यासारखी होती, तिच्या दोन सहकाऱ्यांना मिळाली होती. ती धरली तर तिसऱ्या वर्षी डिग्रीविना 7.56 लाख होतात आणि एमबीएचा पहिल्या वर्षाचा फायदा 2.78 वरून 1.64 लाखांवर येतो. एमबीएची तुलना आजच्या नोकरीशी न करता, त्याच दोन वर्षांत तेवढीच धडपड करून जे मिळवता येईल त्याच्याशी करायला हवी.

नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी करायच्या एमबीएचा विषयही निघाला. तिथे सगळ्यात मोठा खर्च, बुडालेला पगार, नाहीसाच होतो. पण अशा अभ्यासक्रमांना बहुतेक ठिकाणी कॅम्पस प्लेसमेंट नसते, त्यामुळे फायदा आपली कंपनी त्या डिग्रीला काय देते त्यावर ठरतो. भाचीच्या कारखान्यात असा एमबीए केलेल्या दोघांना पद किंवा पगार यांत काही वेगळं मिळालं नव्हतं. तो पर्याय तिने तिथेच सोडला.

कर्जाच्या हप्त्याबद्दल सांगायलाच हवं, कारण बँकेच्या टेबलावर माझी सगळी भिस्त त्याच्यावर असायची. 10 लाख चार सेमिस्टरला अडीच-अडीच लाख असे उचलले, तर शिकण्याच्या काळात साधं व्याज 1.25 लाख होतं. लगेच फेड सुरू केली तर 11.25 लाखांवर सात वर्षांचा हप्ता 18,700 च्या आसपास येतो. साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर आणखी एक वर्षाची सवलत मिळते, पण ती घेतली तर त्या वर्षाचं 1 लाख व्याज मुद्दलात मिसळतं. व्याजावर प्राप्तिकरात आठ वर्षं वजावट मिळते, तीही जुन्या करपद्धतीतच. नवी निवडली तर नाही.

बाहेरगावचा जास्तीचा खर्च जाऊन महिन्याला पाऊण लाखाच्या आसपास उरत असताना 18,700 चा हप्ता झेपतो. 9 लाखांच्या नोकरीतही ओढूनताणून झेपतो. बँकेला तेवढंच बघायचं असतं, आणि मीही वर्षानुवर्षं तेवढंच बघून कर्जं मंजूर केली. हप्ता झेपणं हा एक प्रश्न आणि डिग्रीने पदरात काही पडणं हा वेगळा प्रश्न. वेळेवर हप्ते भरणारी, बँकेच्या दृष्टीने उत्तम अशी कितीतरी मुलं माझ्या नोंदीत होती. शिकायला गेली नसती तर ती आज पैशाने कुठे असती, हे मी एकालाही विचारलं नाही. याची मला आता मनापासून खंत वाटते.

या हिशोबात न बसणाऱ्या गोष्टीही आहेत. भाचीला कारखान्याच्या शिफ्टमधून बाहेर पडायचं होतं. त्याची किंमत आम्ही रुपयांत लावली नाही. फक्त हिशोबात कमी पडणारी रक्कम समोर मांडली आणि एवढे पैसे त्या सुटकेसाठी द्यायला तयार आहेस का, असं मी तिला विचारलं. त्यावर दोन दिवस विचार करून ती म्हणाली, थोडे देईन, इतके नाही.

तिने पुढच्या आठवड्यात पाच सीनिअर्सना फोन केले. उत्पादनातून गेलेल्या तिघांच्या बँकेत महिन्याला 70 ते 76 हजार जमा होत होते, म्हणजे पीएफ धरून वर्षाचे नऊ-साडेनऊ लाख, आणि तिघंही इंदूरबाहेर. तिने एमबीएची ती जागा सोडली. सध्या ती नोकरी बदलायच्या मुलाखती देते आहे आणि नोव्हेंबरच्या कॅटची तयारीही करते आहे. कालनिर्णयचं ते पान तिच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे. खाली तिच्या अक्षरात दोनच ओळी आहेत: बाहेरगावी 11 च्या खाली नाही. इंदुरात 9 चालेल.